बैलपोळा, Bail Pola की Bailpola? सणाच्या व्हिडिओला सापडेल असं शीर्षक कसं द्यायचं

मंचरजवळच्या आमच्या गावात बैलपोळ्याचा व्हिडिओ मी पहिल्यांदा यूट्यूबवर टाकला तेव्हा शीर्षक दिलं होतं, "आमचा पोळा ❤️🐂". दोन दिवसांनी मुंबईहून आत्याचा फोन आला. "अरे, मी bailpola टाकून बघतेय, सगळा नागपूरचाच येतोय. तुझा कुठंय?" शेवटी मी तिला लिंक पाठवली. पण ज्यांच्याकडे माझा नंबर नाही, त्यांनी काय करायचं? गाव सोडून पुण्या-मुंबईला गेलेली आणि सुट्टी न मिळालेली माणसं आपल्या भागाचा सण बघायला सर्चमध्येच जातात. तिथे व्हिडिओ सापडला नाही तर त्यांच्यासाठी तो नसल्यातच जमा.

तेव्हापासून मी शीर्षकाकडे नीट बघायला लागलो. या लेखात एकच उदाहरण शेवटपर्यंत घेतो: जुन्नर-आंबेगाव भागातला बैलपोळा. हे उदाहरण निवडलं कारण त्यात सगळ्या अडचणी एकत्र येतात. ळ हे अक्षर आहे, जोडशब्द आहे, गावाच्या नावाचा घोळ आहे आणि तारखेचाही आहे.

आधी तारखेचा घोळ

विदर्भ, मराठवाडा, खानदेश या भागांत पोळा श्रावण अमावास्येला, म्हणजे पिठोरी अमावास्येला असतो. आपल्याकडे जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ या पट्ट्यात बऱ्याच गावांत तो भाद्रपद अमावास्येला, म्हणजे सर्वपित्रीच्या दिवशी करतात. म्हणून त्याला भाद्रपदी बैलपोळा म्हणतात. २०२५ साली श्रावणातला पोळा २२ ऑगस्टला होता आणि भाद्रपदातला २१ सप्टेंबरला. मध्ये एक महिना.

सर्चच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, ऑगस्टमध्ये सगळा महाराष्ट्र "बैलपोळा" शोधतो, बातम्या आणि व्हिडिओंचा ढीग पडतो, आणि आपला सण येतो तेव्हा त्या शब्दावर आधीच दुसऱ्यांचे व्हिडिओ बसलेले असतात. नुसतं "बैलपोळा" लिहून त्या गर्दीत उतरलात तर तुम्ही नागपूर-यवतमाळशी स्पर्धा करताय. "भाद्रपदी" हा एक शब्द जोडला की स्पर्धा एकदम कमी होते, कारण तो शब्द शोधणारा माणूस आपल्याच भागातला असण्याची शक्यता जास्त. शिवाय बाहेरच्या कुणी व्हिडिओ उघडला तरी "हे लोक महिनाभर उशिरा पोळा का करतायत?" असा प्रश्न त्याला पडत नाही.

शिवजयंतीचंही तसंच आहे. शिवनेरीवर १९ फेब्रुवारीला शासकीय सोहळा असतो आणि तिथीप्रमाणे, फाल्गुन वद्य तृतीयेला, वेगळा. शीर्षकात "तिथीप्रमाणे" हा शब्द नसेल तर बघणारा गोंधळतो. त्यामुळे लिपीचा विचार करण्याआधी स्वतःला विचारा: या सणाचं नेमकं नाव काय आणि तो कुठला?

एकाच नावाची इतकी स्पेलिंग का होतात?

देवनागरीत लिहिलं तर सण एकाच प्रकारे लिहिला जाईल असं वाटतं. तसं होत नाही. "बैलपोळा" आणि "बैल पोळा" दोन्ही चालतात. त्यात बरेच जण फोनवर रोमन अक्षरं टाइप करून त्याचं देवनागरी करणारा कीबोर्ड वापरतात. त्यात `pola` टाइप केल्यावर "पोला" ही सूचना आली आणि घाईत तीच निवडली, की "बैल पोला" तयार होतं. हिंदीत ळ वापरात नसल्याने तिकडचे लोकही "पोला" लिहितात.

रोमनमध्ये तर कुठलाच नियम नाही. शाळेत कुणी आपल्याला मराठी शब्द रोमनमध्ये कसे लिहायचे हे शिकवलेलं नाही, त्यामुळे प्रत्येक जण कानाला वाटेल तसं लिहितो. तरी नीट बघितलं तर फरक चार-पाच ठिकाणीच पडतो:

- ळ: रोमनमध्ये त्याचा `l` होतो. पोळा `pola`, दिवाळी `diwali`.
- जोडशब्द: `bail pola` आणि `bailpola`, `shiv jayanti` आणि `shivjayanti`.
- झ: ओझरचं `Ozar`, `Ozhar` आणि `Ojhar` अशी तिन्ही रूपं दिसतात.
- व: `v` किंवा `w`. `Diwali`, `Divali`.
- शेवटचा स्वर: मराठीत महाशिवरात्र, हिंदीत महाशिवरात्रि. म्हणून `mahashivratra` आणि `mahashivratri`. मराठी माणूससुद्धा रोमनमध्ये लिहिताना बऱ्याचदा दुसरंच लिहितो.

तुमच्या सणाच्या नावात यातली कुठली जागा आहे ते शोधा. बैलपोळ्यात दोन आहेत, ळ आणि जोडशब्द. म्हणजे लक्ष ठेवायची रूपं मोजकीच: `bail pola`, `bailpola`, बैलपोळा, बैल पोळा आणि चुकीचं पण वापरातलं बैल पोला.

सगळी स्पेलिंग लिहायची गरज नसते

इथे बहुतेक जण चुकतात. पाच रूपं सापडली म्हणून पाचही शीर्षकात कोंबतात. गूगल आणि यूट्यूब दोन्ही जवळच्या स्पेलिंगना बऱ्यापैकी ओळखतात, म्हणून आधी तपासून बघा. पद्धत सोपी आहे.

ब्राउझरमध्ये इन्कॉग्निटो विंडो उघडा. लॉगिन केलेलं असेल तर तुमचाच इतिहास निकालात मिसळतो आणि तुमचाच व्हिडिओ वर दिसून खोटा आनंद होतो. यूट्यूबवर `bail pola` शोधा आणि पहिल्या आठ-दहा निकालांचा स्क्रीनशॉट घ्या. मग `bailpola` शोधा, पुन्हा स्क्रीनशॉट. दोन्हीत बहुतेक व्हिडिओ तेच असतील तर सर्चच्या लेखी ते एकच आहेत आणि शीर्षकात एकच रूप पुरतं. आता "बैलपोळा" शोधा. निकाल बराच वेगळा आला तर दोन्ही लिप्या ठेवायला कारण आहे.

लोक मुळात काय टाइप करतात हे बघायला गूगल ट्रेंड्स वापरा. त्यात एका वेळी अनेक शब्दांची तुलना करता येते. भाग म्हणून महाराष्ट्र निवडा आणि वेब सर्चऐवजी यूट्यूब सर्च निवडा. दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, शब्द टाकताना खाली "विषय" आणि "शोध शब्द" असे पर्याय आले तर शोध शब्द घ्या. विषय निवडला तर सगळ्या भाषांतली रूपं एकत्र मोजली जातात आणि आपल्याला हवी तीच तुलना हातची जाते. दोन, आलेख ० ते १०० असतो तो तुलनेसाठी. १०० म्हणजे शंभर लोक नव्हे, तर निवडलेल्या काळातला सर्वात वरचा टप्पा. गावपातळीच्या शब्दांसाठी, उदाहरणार्थ "भाद्रपदी बैलपोळा", पुरेसा डेटाच नाही असं उत्तर येऊ शकतं. त्याचा अर्थ कुणीच शोधत नाही असा नाही, शोध मोजण्याइतके नाहीत एवढाच.

गावाचं नाव: आंबेगाव लिहून भागत नाही

सणाच्या नावाइतकंच महत्त्वाचं असतं ठिकाण. इथे आपल्या भागाची एक गंमत आहे. तालुक्याचं नाव आंबेगाव, पण ज्या गावावरून ते पडलं ते मूळ गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. तालुक्याचं मुख्यालय घोडेगाव, आणि मोठी बाजारपेठ मंचर. वर पुणे शहरात कात्रजजवळ आंबेगाव बुद्रुक आहे. `Ambegaon` शोधलं की तिथले फ्लॅट, तिथलं ट्रॅफिक असं सगळं समोर येतं. म्हणून शीर्षकात मंचर किंवा घोडेगाव लिहा आणि "आंबेगाव तालुका" वर्णनात ठेवा.

ओझरचंही तेच. विघ्नहराचं ओझर जुन्नर तालुक्यात, आणि विमानतळासाठी ओळखलं जाणारं ओझर नाशिकजवळ. माघी गणेश जयंतीचा व्हिडिओ नुसत्या `Ozar` नावाने टाकला तर तो कुठल्या ओझरचा हे सर्चलाही कळत नाही आणि माणसालाही. "ओझर विघ्नहर" किंवा "Ozar Junnar" लिहिलं की प्रश्न मिटतो. लेण्याद्रीला असला जोडीदार नाही, त्यामुळे तिथे नाव एकटं चालतं.

आता शीर्षक बांधू

यूट्यूबच्या शीर्षकाला १०० अक्षरांची मर्यादा आहे. पण देवनागरीत ही मोजणी फसवी असते. आपल्याला "बैलपोळा" चार अक्षरांचा दिसतो. फोनसाठी मात्र ब, ऐचा मात्रा, ल, प, ओचा मात्रा, ळ, काना असे सात तुकडे होतात. "भाद्रपदी" मध्ये तर जोडाक्षरातला हलंतही मोजला जातो आणि आठ होतात. म्हणजे देवनागरीत मर्यादा वाटते त्यापेक्षा लवकर संपते.

शिवाय १०० पर्यंत लिहायला परवानगी असली तरी मोबाईलच्या यादीत लांब शीर्षक शेवटी तीन टिंबांत कापलं जातं. म्हणून क्रम महत्त्वाचा. जे कापलं गेलं तर सर्वात जास्त नुकसान होईल, ते आधी. माझा क्रम असा असतो: सणाचं नेमकं नाव देवनागरीत, वर्ष, ठिकाण, आणि मग रोमन रूप. त्यातून हे तयार झालं:

```
भाद्रपदी बैलपोळा 2025, मंचर परिसर | Bail Pola Manchar
```

यंत्राच्या मोजणीने हे ५३ होतं. वर्ष मुद्दाम `2025` असं लिहिलंय, कारण शोधताना बहुतेकांच्या कीबोर्डवर तेच आकडे असतात. रोमनमध्ये मी दोन शब्द वेगळे लिहिले, कारण वेगळे लिहिल्यावर `pola` हा सुटा शब्दही त्यात मिळतो. देवनागरी आधी ठेवण्याचं कारण वेगळं आहे. मराठी माणसाला निकालांच्या यादीत आपली लिपी पटकन दिसते आणि हा व्हिडिओ मराठीत आहे हे उघडण्याआधीच कळतं. तुमचे प्रेक्षक मुख्यतः रोमनमध्येच वाचणारे असतील, म्हणजे परदेशात वाढलेली मुलं वगैरे, तर क्रम उलटा करायला हरकत नाही.

हेच शीर्षक कोंबाकोंबी करून कसं दिसतं तेही बघा:

```
Bail Pola Bailpola बैलपोळा बैल पोळा पोळा 2025 Pola Status
```

यात सगळे शब्द आहेत, पण व्हिडिओ कशाचा, कुठला, काहीच कळत नाही. शीर्षक सर्चला जेवढं वाचायचं असतं तेवढंच ते माणसालाही वाचायचं असतं. निकालात दिसूनही कुणी उघडत नसेल तर तो निकाल हळूहळू खाली जातो.

वर्णन आणि टॅग: उरलेली स्पेलिंग इथे

शीर्षकात न बसलेली रूपं वर्णनात येऊ द्या, पण वाक्यात. वर्णनाच्या पहिल्या दोन ओळी सर्वात कामाच्या, कारण "आणखी" न दाबता त्याच दिसतात. मी असं लिहिलं:

```
भाद्रपद अमावास्येला साजरा होणारा आमच्या भागातला बैलपोळा.
Bhadrapadi Bailpola, Manchar, Ambegaon taluka, Pune.
```

पहिल्या ओळीत सण आणि तिथी आली. दुसरीत जोडून लिहिलेलं `Bailpola` आलं, जे शीर्षकात नव्हतं, आणि तालुकाही आला. यापुढे मी बैलांची नावं, मिरवणुकीचा रस्ता, कुठल्या मिनिटाला काय आहे हे लिहितो. वर्णनाच्या तळाशी शंभर शब्दांची नुसती यादी चिकटवू नका. यूट्यूबच्या नियमात ते बसत नाही आणि त्यासाठी व्हिडिओ काढलाही जाऊ शकतो.

टॅगबद्दल खूप गैरसमज आहेत. यूट्यूब स्वतःच सांगतं की व्हिडिओ सापडण्यात टॅगचा वाटा अगदी कमी असतो. त्याचा खरा उपयोग एकाच ठिकाणी आहे: ज्या नावाचं स्पेलिंग लोक हमखास चुकवतात तिथे. म्हणजे आपल्या कामाचंच. "बैल पोला" हे चुकीचं रूप शीर्षकात लिहायला मला लाज वाटेल, पण टॅगमध्ये ते कुणाला दिसत नाही. सगळे टॅग मिळून ५०० अक्षरांपर्यंत लिहिता येतात, पण माझं एवढ्यात भागतं:

```
bail pola, bailpola, बैल पोळा, बैल पोला,
bhadrapadi pola, manchar, ghodegaon
```

तुमचा व्हिडिओ नसून स्वतःची वेबसाइट असेल तर एक जुनी सवय सोडा. पानाच्या कोडमध्ये `keywords` नावाचा मेटा टॅग भरण्यात वेळ घालवू नका. वेब सर्चच्या क्रमवारीत आपण तो वापरत नाही हे गूगलने २००९ मध्येच जाहीर केलं आहे. ती रूपं पानाच्या शीर्षकात आणि मजकुरात आली तरच उपयोग.

हॅशटॅगमध्ये मोकळी जागा चालत नाही. `#बैल पोळा` लिहिलंत तर हॅशटॅग फक्त `#बैल` एवढाच होतो. म्हणून इथे जोडूनच लिहा: `#बैलपोळा`, `#bailpola`.

मोह आवरायची जागा

आपल्या भागात बैलगाडा शर्यतीचे व्हिडिओ प्रचंड बघितले जातात. पोळ्याच्या व्हिडिओला `bailgada sharyat` असा टॅग किंवा शीर्षक द्यायचा मोह होतो, बैल तर त्यातही आहेतच ना! तसंच नागपूरकडचा `tanha pola`, म्हणजे तिकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान मुलं लाकडी बैल घेऊन करतात तो तान्हा पोळा. हे शब्द टाकले तर दिशाभूल केल्याबद्दल यूट्यूब कारवाई करू शकतं. कारवाई नाही झाली तरी शर्यत बघायला आलेला माणूस पाच सेकंदांत परत जातो. असे खूप जण परत गेले की यूट्यूबचा समज होतो की व्हिडिओच वाईट आहे. आणि मग ज्या आत्यासाठी तो केला, तिलाही तो दाखवला जात नाही.

इंग्रजी शीर्षक वेगळं द्यावं का?

यूट्यूब स्टुडिओत एकाच व्हिडिओला दुसऱ्या भाषेतलं शीर्षक आणि वर्णन जोडता येतं. वाटतं की छान, देवनागरी मराठीत आणि रोमन इंग्रजीत, प्रश्नच मिटला. पण थांबा. कुठलं शीर्षक दाखवायचं हे बघणाऱ्याच्या भाषेच्या सेटिंगवरून ठरतं, आणि आपल्याकडे कितीतरी मराठी माणसांचे फोन इंग्रजीतच असतात. म्हणजे मंचरच्या शेजाऱ्यालाही तुमचं इंग्रजी शीर्षकच दिसेल. हा पर्याय वापरायचाच तर त्या इंग्रजी शीर्षकातही "बैलपोळा" हा एक शब्द देवनागरीत राहू द्या. आणि मूळ व्हिडिओची भाषा मराठी अशी निवडायला विसरू नका.

जमलं की नाही हे कसं कळेल?

व्हिडिओ टाकल्यावर पहिल्या दिवशी दिसणारे आकडे बहुतेक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधले असतात. त्यावरून शीर्षकाचं काही ठरवू नका. आठवडाभराने यूट्यूब स्टुडिओच्या अ‍ॅनालिटिक्समध्ये जा, प्रेक्षक कुठून आले ते बघा आणि त्यात `YouTube search` उघडा. लोकांनी नेमके कुठले शब्द टाइप केले त्याची यादी दिसते. ही यादी कुठल्याही अंदाजापेक्षा खरी. तिथे `bailpola` वर असेल आणि तुमच्या शीर्षकात `Bail Pola` असेल, तर बदलून बघा. पण एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कशामुळे फरक पडला ते कळणार नाही. यादी रिकामी असेल तर सर्चमधून फारसं कुणी आलेलंच नाही. तेव्हा आधी इन्कॉग्निटोत पूर्ण शीर्षक टाकून व्हिडिओ सापडतो का ते बघा. तोही सापडत नसेल तर दृश्यता "सार्वजनिक" आहे का ते तपासा. मी एकदा "असूचीबद्ध" ठेवून चार दिवस स्पेलिंग बदलत बसलो होतो.

एक मर्यादाही सांगतो. नुसत्या `bail pola` या शोधात मोठ्या वृत्तवाहिन्यांच्या वर आपला व्हिडिओ येणं अवघड आहे, शीर्षक कितीही नीट असलं तरी. आपली जागा "भाद्रपदी" आणि "मंचर" या शब्दांवर आहे.

पुढच्या पोळ्याला आत्याने लिंक मागितली नाही. तिने `bail pola manchar` टाकलं आणि व्हिडिओ बघून फोन केला तो फक्त एवढं विचारायला, "सर्जाच्या शिंगांना यंदा हिंगूळ कुणी लावला रे?"